सीए फायनल: सप्टेंबरचा निकाल हातात, आता जानेवारीला एक ग्रुप, दोन्ही, की थेट मे?

मुक्ता_ल (4 नोव्हेंबर, सकाळी)

काल सप्टेंबर 2025चा निकाल लागला आणि रात्रभर झोप नाही. दोन्ही ग्रुप दिले होते, दोन्ही राहिले. गुण असे आहेत: एफआर 44, एएफएम 63, ऑडिट 38, म्हणजे पहिल्या ग्रुपला 145. डीटी 51, आयडीटी 47, आयबीएस 46, म्हणजे दुसऱ्याला 144. एएफएमला एक्झम्प्शन आलं, म्हणजे तो पेपर सध्या पुन्हा द्यायला नको, तेवढंच काय ते चांगलं.

आर्टिकलशिप संपली आहे, अजून नोकरी धरलेली नाही. जानेवारीचा पेपर 5 तारखेला सुरू होतो. घरचे म्हणतात, एवढ्या घाईत काय होणार, मेला नीट तयारी करून दोन्ही दे. मैत्रीण म्हणते, जानेवारीला फक्त पहिला ग्रुप काढून टाक. फॉर्म भरायला जेमतेम दोन आठवडे आहेत. ज्यांनी दोन अटेंप्टमधली ही गॅप स्वतः काढली आहे त्यांनी सांगा, नेमकं काय बघून ठरवायचं?

---

गणपत_एम (4 नोव्हेंबर)

मे. घाईत दिलेला अटेंप्ट वायाच जातो, माझे दोन गेले. एक्झम्प्शनची काळजी करू नका, ते पुढचे तीन अटेंप्ट चालतं. जानेवारी सोडलीत तरी तुमचे तीन शिल्लकच राहतील, कारण परीक्षेला बसलात तरच अटेंप्ट धरला जातो.

---

नीरजा_क (4 नोव्हेंबर)

ताई, मलाही विचारायचं होतं. माझी इंटर झाली आहे आणि एक वर्षाची गॅप दिसली तर कंपन्या मुलाखतीत अडवतात का?

---

ताळेबंद (4 नोव्हेंबर, रात्री)

नीरजा, मुक्ताचा प्रश्न सीव्हीतल्या गॅपचा नाही, दोन परीक्षांमधल्या दिवसांचा आहे. तुझ्यासाठी वेगळा धागा काढ, तिथे सांगेन.

गणपतराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. तीन अटेंप्ट हा आकडा बरोबर. पण ते तुमचे तीन अटेंप्ट नसतात, इन्स्टिट्यूटने घेतलेल्या लगतच्या तीन परीक्षा असतात. तुम्ही बसा किंवा घरी थांबा, मोजणी चालूच राहते. मुक्ताचं एएफएमचं एक्झम्प्शन जानेवारी 2026, मे 2026 आणि सप्टेंबर 2026 एवढंच चालणार. जानेवारी सोडली की तीनातली एक गेली, ती परत येत नाही.

खरा फरक इथेच पडला आहे. फायनल वर्षातून दोनदा व्हायची तेव्हा तीन अटेंप्ट म्हणजे दीड वर्ष मिळायचं, एखादी परीक्षा सोडली तरी पुढे मोकळा श्वास घ्यायला वाव असायचा. 2025पासून फायनलही जानेवारी, मे, सप्टेंबर अशी तीनदा होते. तेच तीन अटेंप्ट आता एका वर्षात संपतात. माझ्या बॅचचे लोक अजून जुन्या हिशेबाने सल्ला देतात, आणि मुलं निवांतपणे एक परीक्षा सोडून देतात.

मुक्ता, आता तुझे गुण जरा मांडून बघू. एक्झम्प्शन असलेल्या विषयाचे गुण अॅग्रिगेटमध्ये धरले जातात. पहिल्या ग्रुपला 150 लागतात, 63 खिशात आहेत. राहिले 87, तेही एफआर आणि ऑडिट मिळून, दोन्हींत किमान 40 ठेवून. सप्टेंबरला तू या दोघांत 82 आणलेस. म्हणजे तुला पाच गुण वाढवायचे आहेत आणि ऑडिट 40च्या वर न्यायचं आहे. हा ग्रुप जानेवारीला सोडणं मला पटत नाही.

---

गणपत_एम (5 नोव्हेंबर)

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी मागे आयडीटीचं एक्झम्प्शन घेऊन तीन परीक्षा घरी बसलो होतो, नंतर फॉर्म भरताना ते दिसेना तेव्हा वाटलं पोर्टलची चूक आहे. आता कळलं.

---

वर्षा_जोग (5 नोव्हेंबर)

ताळेबंदांचं म्हणणं खरं आहे, पण एक काटा राहिला, तो मला टोचला म्हणून सांगते. माझंही एएफएमला एक्झम्प्शन होतं. पुढच्या अटेंप्टला ऑडिटला 64 आले, एफआरला 36. मी नाचत होते की आता ऑडिटही सुटलं. सुटलं नव्हतं. एका ग्रुपमध्ये एक एक्झम्प्शन चालू असताना त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या विषयाला नवीन मिळत नाही, आधीचं संपेपर्यंत. पुढच्या वेळी मला ऑडिट पुन्हा लिहावं लागलं आणि तेव्हा 45च आले.

म्हणून मुक्ता, जानेवारीला पहिला ग्रुप देताना "एफआर राहिलं तरी ऑडिटला साठ आणू, म्हणजे पुढच्या वेळी एकच पेपर" असा हिशेब मनात असेल तर तो काढून टाक. दोन्ही पेपर एकाच वेळी निघाले तरच उपयोग.

---

मुक्ता_ल (5 नोव्हेंबर)

वर्षाताई, अगदी हाच हिशेब होता माझा. बरं झालं सांगितलंत.

मग जानेवारीला फक्त पहिला ग्रुप, असं ठरवू का? दोन पेपर, त्रेसष्ट दिवस, जमेल असं वाटतं.

---

अभय_जी (5 नोव्हेंबर)

मी उलटं सांगेन, जानेवारीला दुसरा ग्रुप दे. कारण डीटी आणि आयडीटी, दोन्ही टॅक्सचे पेपर. सप्टेंबरला जो फायनान्स अॅक्ट लागू होता तोच जानेवारीला आहे, असेसमेंट इयर 2025-26. मे 2026पासून पुढचा फायनान्स अॅक्ट लागतो. शिवाय 1 एप्रिल 2026पासून नवा इन्कम टॅक्स कायदा येतोय, म्हणजे मेला सगळी कलमंच बदलतील. डीटीच्या नोट्स फेकून द्याव्या लागतील.

---

ताळेबंद (5 नोव्हेंबर)

अभय, पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. दुसऱ्यात गडबड आहे. नवा कायदा 2026-27 या टॅक्स इयरपासून आहे. मे 2026ची परीक्षा असेसमेंट इयर 2026-27 वर आहे, म्हणजे 2025-26मध्ये मिळवलेलं उत्पन्न, आणि त्याला 1961चाच कायदा लागतो. कलमांचे नंबर तेच राहणार. फायनान्स अॅक्ट 2025ने केलेले बदल मात्र नीट बसवावे लागतील, आणि जीएसटीलाही मधल्या काळातल्या अधिसूचनांची भर पडेल.

हे काम किती, ते नोट्स कशा आहेत त्यावर ठरतं. ज्याने स्वतः वहीत काढल्या आहेत त्याला अमेंडमेंट घालायला चार-पाच दिवस लागतात. ज्याने पूर्ण पुस्तकच वाचलं आहे त्याला नवीन पुस्तक घेऊन पुन्हा वाचावंसं वाटतं आणि त्यात महिना जातो. मुक्ता, तुझ्या डीटीच्या नोट्स कशा आहेत?

---

मुक्ता_ल (5 नोव्हेंबर)

स्वतःच्या नाहीत. क्लासची छापील वही, तिच्यात कडेला पेन्सिलने लिहिलेलं. आयडीटीचंही तसंच.

---

ताळेबंद (6 नोव्हेंबर)

मग अभयच्या मुद्द्यात तुझ्यासाठी दम आहे. आता मी जे सांगणार आहे त्यावर इथे वाद होईल, होऊ दे.

दोन्ही ग्रुपचा फॉर्म भर. एका ग्रुपची फी 1800, दोन्हींची 3300. फरक दीड हजाराचा. दोन्ही ग्रुप दिले तर एकत्र अॅग्रिगेट बघतात: सहाशेपैकी तीनशे आणि प्रत्येक विषयात चाळीस. तुझे 63 वजा जाता पाच पेपरांत 237 लागतात. सप्टेंबरला याच पाच पेपरांत तू 226 आणलेस, म्हणजे 11 कमी पडतात. वेगवेगळे दिलेस तरी बेरीज तीच होते, पहिल्यात 5, दुसऱ्यात 6. फरक एवढाच की एकत्र दिलंस तर ते अकरा गुण कुठूनही आले तरी चालतात. समज, एफआरला 55 आणि ऑडिटला 50 आले, तर पहिला ग्रुप 168. मग दुसऱ्या ग्रुपला 150 नको, 132 पुरतात. तेवढे तुला सप्टेंबरलाच होते, त्याहून बारा जास्त.

आणि दुसरा ग्रुप बिघडला म्हणून पहिला बुडत नाही. पहिल्याला स्वतःचे 150 आणि प्रत्येकी 40 असले की तो पास. तेव्हा नियमाच्या बाजूने दोन्ही देण्यात तोटा काही नाही. तोटा असेल तर तो दिवसांचा.

---

वर्षा_जोग (6 नोव्हेंबर)

आणि तो दिवसांचा तोटाच माणसाला खातो, ताळेबंद. कागदावर एका ग्रुपचे जादा गुण दुसऱ्याला देणारा हा सेट-ऑफ सुंदर दिसतो. मी एकदा याच आशेने दोन्ही ग्रुप धरले. डीटीचं ट्रान्स्फर प्रायसिंग आणि इंटरनॅशनल टॅक्सेशन संपेना, त्यात डिसेंबरचे तीन आठवडे गेले. एफआरला पुरेसे दिवस उरले नाहीत आणि हातचा पहिला ग्रुप गेला. मुक्ताला पाच गुण हवेत तिथे पाच गुण आणू दे. दुसरा ग्रुप मेला, अमेंडमेंटसकट.

---

पाच_पेपर (6 नोव्हेंबर)

वर्षाताई +1. एका वेळी एक.

---

अभय_जी (6 नोव्हेंबर)

आणि मे मध्ये दुसरा ग्रुप एकटा दिला की सेट-ऑफ गेला, पूर्ण 150 आणावे लागतील, तेही नव्या अमेंडमेंटवर. तो भारही मोजा ना.

---

ताळेबंद (7 नोव्हेंबर)

वर्षाताईंचा अनुभव मी नाकारत नाही, मीही तसे विद्यार्थी पाहिले आहेत. म्हणून फॉर्म दोन्हींचा भरायचा, पण बसायचं की नाही ते डिसेंबरच्या मध्यावर ठरवायचं. दुसऱ्या ग्रुपला गेली नाहीस तरी पहिल्याचा निकाल त्याचा तो लागतो.

दिवस असे मांडता येतील. निकालापासून 5 जानेवारीपर्यंत 63 दिवस. पहिला आठवडा रडण्यात, फोन घेण्यात आणि अशा धाग्यांवर जातो, तो धरूच नको. हातात 55 समज. एएफएम नाही. आयबीएसला वेगळे दिवस देऊ नकोस, तो ओपन बुक आहे आणि बाकीच्याच विषयांवर उभा आहे. उरले चार. पहिली फेरी एफआर आणि ऑडिटला दहा-दहा दिवस, डीटी आणि आयडीटीला आठ-आठ, झाले 36. दुसरी फेरी प्रत्येकी तीन दिवस, म्हणजे 12. उरलेले सात दिवस पूर्ण तीन तासांचे मॉक लिहायला आणि ते तपासायला.

दुसऱ्या फेरीचा क्रम उलटा ठेव: आयडीटी, डीटी, ऑडिट, शेवटी एफआर. म्हणजे 5 तारखेला जो पेपर आहे तो सगळ्यात ताजा.

कसोटी त्या तीन दिवसांची. परीक्षेत दोन पेपरांमध्ये एक मोकळा दिवस आणि आदल्या पेपरची संध्याकाळ मिळते, म्हणजे दीड दिवस. जो विषय दुसऱ्या फेरीत तीन दिवसांत उलगडून बंद होत नाही तो परीक्षेत दीड दिवसात होणारच नाही. डीटी किंवा आयडीटी तिथे अडकला तर दुसरा ग्रुप तिथेच सोड, हळहळू नकोस.

एक्झम्प्शनचा आणखी एक फायदा, जो लोक विसरतात. एफआर 5 तारखेला, ऑडिट 9 तारखेला. 7 तारखेला एएफएम, तो तुला नाही. मधे पूर्ण तीन दिवस मिळतात. ऑडिटला दोन पुरे. 6 तारीख डीटीला दे, कारण 9ला ऑडिट संपलं की 11ला डीटी आहे आणि तिथे एकच दिवस आहे.

---

मुक्ता_ल (7 नोव्हेंबर)

6 तारीख डीटीला! हे मला सुचलंच नसतं.

एक विचारायचं राहिलं. ऑडिटला 38 का आले ते मला कळत नाही. पेपर पूर्ण लिहिला होता, पाचही प्रश्न. घरी येताना वाटलं होतं पन्नास येतील.

---

वर्षा_जोग (8 नोव्हेंबर)

उत्तरपत्रिकेची प्रत मागव, जानेवारीआधी येईल की नाही याची खात्री देत नाही, पण मागव. मी मागवली होती, तेव्हा डोळे उघडले. एका प्रश्नात ऑडिटरने काय करावं असं विचारलं होतं. मी पाऊण पान लिहिलं, सगळं बरोबर, सगळं माझ्या भाषेत. पाचापैकी दीड. माझ्या उत्तरात ऑडिटिंग स्टँडर्डचा, म्हणजे एसएचा, क्रमांक नव्हता, तरतूद काय म्हणते ते एका वाक्यात नव्हतं, आणि शेवटी "म्हणून ऑडिटरची कृती योग्य नाही" असा निष्कर्षही नव्हता. वाचणाऱ्याने गुण द्यायचे कुठे?

त्यानंतर मी इन्स्टिट्यूटची सजेस्टेड आन्सर्स समोर ठेवून रोज तीन उत्तरं हाताने लिहायची. वाचायची नाही, लिहायची. आधी तरतूद, मग दिलेल्या प्रसंगाला ती लावणं, मग निष्कर्ष. महिनाभरात हाताला वळण लागतं. तुझे 38 बघून मला तरी हाच रोग वाटतो. शंभरात तीस गुण एमसीक्यूचे असतात, तिथे साधारण वीस जरी धरले तर वर्णनात्मक सत्तरातून तुला अठराच्या आसपास मिळाले. पेपर पूर्ण लिहून अठरा म्हणजे माहितीची नाही, मांडणीची अडचण.

---

मुक्ता_ल (8 नोव्हेंबर)

हे वाचून पोटात गोळा आला, कारण मी नेमकं असंच लिहिते. एसए क्रमांक चुकेल या भीतीने लिहीतच नाही.

---

वर्षा_जोग (8 नोव्हेंबर)

क्रमांक आठवत नसेल तर स्टँडर्डचं नाव लिही. तेही नसेल तर तरतूद तरी लिही. चुकीचा क्रमांक मात्र लिहू नकोस.

---

सदाशिव_आर (9 नोव्हेंबर)

मी नोकरी करून देतो, म्हणून माझं वेगळं आहे, तरी सांगतो. मुक्ताने निकालाची वाट बघितली हीच खरी चूक झाली. सप्टेंबरचा पेपर संपल्यावर निकालापर्यंत दीड महिना होता. तो धरला असता तर आज 63 दिवसांच्या ऐवजी शंभराहून जास्त असते. आता परीक्षा चार महिन्यांवर आणि निकाल दोन महिन्यांनी, म्हणजे निकालानंतर अभ्यास सुरू करणारा प्रत्येक वेळी अर्धी गॅप घालवून बसतो. मी पेपर झाल्यावर एक आठवडा सुट्टी घेतो आणि ज्या विषयात 40 ते 50 येतील असं वाटतं तो उघडतो. पास झालो तर ते वाचलेलं नोकरीत कामी येतं, नापास झालो तर पहिली फेरी अर्धी झालेली असते.

---

नीरजा_क (9 नोव्हेंबर)

सदाशिवदादा, पण निकाल लागेपर्यंत मन लागत नाही ना. माझं इंटरला असंच झालं होतं, पुस्तक उघडलं की वाटायचं पास झाले तर हे कशाला.

---

सदाशिव_आर (9 नोव्हेंबर)

नाही लागत. म्हणून मी त्या दीड महिन्यात नवीन वाचत नाही, फक्त नोट्स छोट्या करतो. दोनशे पानांची वही साठ पानांवर आणायची. त्याला मन नाही, हात लागतो.

मुक्ता, मागचं बोलून उपयोग नाही, पण जानेवारीचे पेपर झाले की मार्चपर्यंत नुसती बसू नकोस. दुसरा ग्रुप राहिलाच तर तिथूनच अमेंडमेंट घालायला सुरुवात कर.

---

पाच_पेपर (10 नोव्हेंबर)

तीन अटेंप्ट संपले आणि ग्रुप तरीही राहिला तर? एक्झम्प्शन गेलंच का कायमचं?

---

ताळेबंद (10 नोव्हेंबर)

नव्या स्कीममध्ये ते कायम ठेवायची सोय आहे, पण मग त्या ग्रुपच्या उरलेल्या प्रत्येक विषयात 40 नाही, 50 लागतात. ज्याचे उरलेले विषय 42-44ला अडकतात त्याला तो सौदा महाग पडतो. एफआरला 44 आणणाऱ्या मुक्ताने तिथपर्यंत जाऊच नये असं मला वाटतं.

---

मुक्ता_ल (14 नोव्हेंबर)

फॉर्म भरला. दोन्ही ग्रुप. एएफएमचं एक्झम्प्शन दोनदा तपासून टिक केलं. घरच्यांना ती तीन परीक्षांची गोष्ट समजावून सांगितली, बाबा म्हणाले, मग मेची वाट बघण्यात अर्थ नाही.

---

मुक्ता_ल (20 डिसेंबर)

सांगते म्हणाले नव्हते, पण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून सांगते आहे.

पहिली फेरी 36 दिवसांत झाली नाही, चार दिवस जास्त लागले, एफआरच्या कन्सॉलिडेशनने ते खाल्ले. ते मी मॉकच्या सातातून कापले. वर्षाताई, ऑडिट रोज लिहिते आहे. मॉक वर्गातल्या सरांनी तपासला, 51. सरांनी समासात तीन ठिकाणी "निष्कर्ष कुठे?" असं लाल शाईने लिहिलं आहे, म्हणजे अजून सुटतंच आहे. एफआरच्या मॉकला 48.

दुसऱ्या फेरीला परवापासून सुरुवात, आयडीटीपासून. तीन दिवसांत बंद झाला तर दोन्ही ग्रुप, नाही झाला तर एकच. डीटीची भीती जास्त आहे.

---

वर्षा_जोग (20 डिसेंबर)

51 आणि 48 म्हणजे 63 धरून 162. तुझा पहिला ग्रुप आत्ताच निघतो आहे. माझं अजूनही तेच म्हणणं आहे, डीटीच्या मागे लागून हे घालवू नकोस.

---

अभय_जी (20 डिसेंबर)

आणि 162 म्हणजे दुसऱ्या ग्रुपला 138च हवेत, सप्टेंबरला 144 होते. जा दोन्हींना.

---

ताळेबंद (21 डिसेंबर)

दोघंही हिशेबाने बरोबर आहेत, म्हणून मी काही बोलत नाही. आयडीटीचे तीन दिवस झाले की इथे लिही, मुक्ता. आणि तिसऱ्या दिवशी रात्री किती पानं उरली तो आकडा लिही, "बहुतेक झालं" असं लिहू नकोस.